पाणी आलं की पेरू

जूनचा पहिला आठवडा उजाडला की आमच्या गावात, यवतमाळ जिल्ह्यातल्या त्या काळ्या मातीच्या पट्ट्यात, एकच वाक्य दिवसभर कानावर पडतं. पारावर, कृषी केंद्राच्या काउंटरवर, एसटीच्या थांब्यावर, सगळीकडे तेच. "पाणी आलं की पेरू." आमच्याकडे पावसाला पाणीच म्हणतात. आभाळात एक ढग नसतो, उन्हानं भिंती तापलेल्या असतात, आणि माणसं बिनदिक्कत म्हणतात, पाणी आलं.

या 'आलं'वर मी पुष्कळ विचार केला आहे. माझा धंदाच तसा. मी आठवी ते बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते, आणि संध्याकाळी ओसरीवर कुणी ना कुणी वही घेऊन बसलेलं असतं. व्याकरणाच्या पुस्तकाला विचारलं तर 'आलं' भूतकाळ. पण ज्या पाण्याबद्दल बोलणं चाललंय ते अजून अरबी समुद्रात आहे. तरी ऐकणाऱ्याला क्षणभरही गोंधळ होत नाही. कुणी विचारत नाही, "केव्हा आलं? आम्हाले तर दिसलं नाही." कारण वाक्याच्या शेवटी 'पेरू' आहे. काळ सांगायचं काम त्या एका शब्दानं उचललं आहे. 'आलं'नं फक्त इतकंच सांगायचं, की आधी हे पुरं होईल, मग ते.

याचा पुरावा हवा असेल तर शेवटचा शब्द बदलून पाहा. "पाणी आलं की लाईट जाते." हे दरवर्षीचं गाऱ्हाणं. "पाणी आलं की लाईट जाईल, आत्ताच दळण आणून ठेव." ही आजच्या संध्याकाळची धास्ती. "पाणी आलं की लाईट जायची." हे माझ्या लग्नाच्या वेळचं. तिन्ही वाक्यांत 'पाणी आलं की' जसंच्या तसं. हललं ते फक्त शेवटचं क्रियापद.

स्वयंपाकघरातून कुणी हाक मारली की आपण "आलो, आलो" म्हणतो तेही असंच. हात परातीत असतात, उठायला अजून वेळ असतो, आणि तोंडानं आपण पोचलेले असतो.

तर हे ज्या पोरांना जन्मापासून येतं, ती पोरं इंग्रजीच्या वहीत काय लिहितात? "व्हेन द रेन विल कम, वुई विल सो." दोन 'विल', एक इकडे, एक तिकडे. दरवर्षी, प्रत्येक वर्गात. हुशार मुलंही लिहितात, किंबहुना हुशार मुलं जास्त लिहितात, कारण ती विचार करून लिहितात. पाऊस पुढे येणार आहे, म्हणजे भविष्यकाळ, भविष्यकाळ म्हणजे 'विल'. हिशेब चोख आहे, उत्तर चुकलेलं आहे. बरोबर वाक्य आहे, "व्हेन द रेन कम्स, वुई विल सो." आणि मग एखादी नववीतली पोरगी हमखास विचारते, "पण मॅडम, कम्स तर वर्तमानकाळ हाय ना? पाऊस आता कुठं येऊन राहिला?"

तिचा प्रश्न बरोबर आहे. त्याला बहुतेक ठिकाणी मिळणारं उत्तर मात्र चांगलं नाही. 'व्हेन', 'आफ्टर', 'ॲज सून ॲज' आलं की पुढे 'विल' लावायचं नाही, नियम आहे, पाठ करा. नियम खरा आहे. पण पाठ केलेला नियम पेपरच्या रिकाम्या जागेपुरता टिकतो. तीच पोरगी पुढच्या महिन्यात अर्ज लिहायला बसली की 'विल' परत येतं. कारण तिच्या डोक्यात जे मराठी वाक्य आहे ते बदललेलं नसतं.

कोणतं मराठी वाक्य? इथे खरी गोम आहे. शाळेत 'व्हेन'चा अर्थ सांगताना आपण फळ्यावर लिहितो, व्हेन म्हणजे जेव्हा. आणि 'जेव्हा' म्हटलं की पाठोपाठ 'येईल' येतं. "जेव्हा पाऊस येईल, तेव्हा आम्ही पेरू." हे मराठी शुद्ध आहे, पुस्तकी आहे, आणि आमच्या गावात कुणी असं बोलत नाही. पोरं हे वाक्य शब्दाला शब्द लावून उलटतात आणि त्या 'येईल'चं 'विल कम' होतं. 'तेव्हा' उरतं, म्हणून काहीजण मध्ये 'देन'ही घालतात. "व्हेन द रेन विल कम, देन वुई विल सो." इंग्रजीला या 'देन'ची गरज नसते. आपल्याला जेव्हाची जोडी तेव्हाशी जुळवल्याशिवाय चैन पडत नाही, एवढंच.

म्हणून मी 'व्हेन'चा अर्थ 'जेव्हा' असा सांगतच नाही. मी सांगते, 'व्हेन' म्हणजे 'की'. घरी बोलता ते वाक्य घ्या. बाबा आले की जेवू. पेपर झाला की मामाच्या गावाला जाऊ. पऱ्हाटी फुटली की वेचणीला बाया लागतील. आता त्यात पहा, 'की'च्या आधी कुठे 'येईल', 'होईल', 'फुटेल' आहे का? नाही. आपणही तिथे भविष्यकाळ वापरत नाही. इंग्रजीही वापरत नाही. फरक इतकाच, की आपण तिथे 'आलं' ठेवतो आणि इंग्रज 'कम्स' ठेवतो. दोघंही काळ सांगायचं काम मुख्य वाक्यावर सोडून देतात.

हे 'की' आणि 'येईल तेव्हा' यांतलं अंतर नुसतं बोलीचं आणि पुस्तकाचं नाही, अर्थाचंही आहे. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कुणी विचारलं, "पाहुणे केव्हा येणार?" आणि ते म्हणाले, "येतील तेव्हा येतील," तर समजायचं, भरवसा नाही. "पाहुणे आले की चहा ठेवजो," असं म्हणाले तर पाहुणे नक्की येणार, वाद संपला. 'आले की' म्हणताना येणं गृहीत धरलेलं असतं. आणि नेमकं हेच इंग्रजीच्या 'व्हेन'मध्ये आहे. पाऊस येईलच की नाही अशी शंका असेल तर इंग्रज 'व्हेन' टाकून 'इफ' घेतो, जसे आपण 'आला की' टाकून 'आला तर' घेतो. "आला की पेरू" म्हणणारा बियाण्याच्या पिशव्या घरी आणून बसलेला असतो. "आला तर पेरू" म्हणणाऱ्यानं मागच्या वर्षी दुबार पेरणी केलेली असते.

यातूनच त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. 'विल' हा नुसता भविष्यकाळाचा शिक्का नाही. 'विल' म्हणजे बोलणाऱ्याचा अंदाज, किंवा त्यानं दिलेला शब्द. "इट विल रेन" म्हणजे पाऊस येईल असं मी सांगतो, मी भाकीत करतो. "वुई विल सो" म्हणजे आम्ही पेरू, हा आमचा निश्चय. पण "व्हेन द रेन कम्स" म्हणताना मी पावसाचं भाकीत करतच नसते. ते तर धरूनच चाललेय. मी फक्त माझ्या पेरणीसाठी एक खूण ठोकतेय, शेताच्या धुऱ्यावर खुंटी ठोकावी तशी. खुंटी भाकीत करत नाही. जिथे भाकीत नाही तिथे 'विल'चं काम नाही. आणि इंग्रजीचा हा वर्तमानकाळ नावालाच वर्तमानकाळ आहे. 'कम्स'मध्ये 'आत्ता' असा अर्थ कुठेच नाही. आत्ता चाललंय ते सांगायला त्यांच्याकडे 'इज कमिंग' आहे. 'कम्स' हे क्रियापदाचं सगळ्यात साधं, मोकळं रूप, ज्याला शेजारचं वाक्य ज्या काळात नेईल तिकडे ते जातं. "व्हेन इट रेन्स, द पॉवर गोज" म्हटलं तर नेहमीचं, "व्हेन इट रेन्स, द पॉवर विल गो" म्हटलं तर आजचं. मघाच्या आपल्या लाईटीच्या वाक्यासारखंच.

मुख्य वाक्यात 'विल'च असायला हवं असंही नाही, पुढचं काही तरी हवं. सकाळच्या एसटीला यवतमाळला शिकायला निघालेल्या पोराला आई खिडकीतून सांगते, "पोचला की फोन करजो." इथे 'करजो' हा आमच्या वऱ्हाडीचा दागिना आहे. 'कर' म्हणजे आत्ता कर, 'करजो' म्हणजे नंतर, वेळ आली की कर. पुढच्या काळाची आज्ञा देण्यासाठी वेगळं रूप! इंग्रजीत इतकी श्रीमंती नाही, तिथे "कॉल मी व्हेन यू रीच" एवढंच. वाक्यात 'विल' एकदाही नाही, तरी सगळं पुढचं आहे. आज्ञा ही पुढचीच असते, त्यामुळे तिनं काळ सांभाळला.

बोर्डाच्या परीक्षेबद्दल थोडं बोलायलाच हवं. 'ॲज सून ॲज' हे आमच्या मुलांना चांगलं ओळखीचं आहे, कारण त्यावर वाक्य बदलायला येतं. 'ॲज सून ॲज' काढा आणि 'नो सूनर... दॅन' वापरा. घंटा वाजली, मुलं पळाली. चोरानं पोलीस पाहिला, चोर पळाला. या नमुन्याच्या वाक्यांत सगळे पळतच असतात, आणि जवळजवळ सगळे भूतकाळात पळतात. दहावीपर्यंत पोरांनी 'ॲज सून ॲज' ढीगभर वेळा लिहिलेलं असतं, पण उद्यासाठी ते वापरायची वेळ क्वचितच आलेली असते. आणि आयुष्यात मात्र त्याची गरज पडते ती बहुतेक उद्यासाठीच. निकाल लागला की कळवतो, पैसे जमा झाले की पाठवतो, गाडी सुटली की मेसेज करतो. 'नो सूनर'चा तर उद्याला फारसा उपयोग नाही, ती भूतकाळातल्या गोष्टी रंगवायची तऱ्हा. माझ्या मते त्या मार्कांतले अर्धे उद्याच्या वाक्यांना द्यायला हवेत. पण मला कोण विचारतं?

आता 'व्हेन'नंतर 'विल' कधीच येत नाही असं सांगितलं तर तेही खोटं ठरेल, आणि या खोट्यापायी एक गंमत आमच्याच घरी झाली.

माझा पुतण्या जवळच्या एका जिनिंगमध्ये हिशेबाला आहे. कापसाच्या हंगामात तिथला व्यवस्थापक, परप्रांतीय माणूस, त्याला फोनवर इंग्रजीत मेसेज टाकतो. एका रात्री मेसेज आला, "लेट मी नो व्हेन द ट्रक अराइव्हज." गाठी भरायला ट्रक येणार होता. पुतण्यानं ड्रायव्हरला फोन केला, विचारलं, आणि उत्तर टाकलं, उद्या सकाळी अकराच्या सुमारास. झोपला. दुसऱ्या दिवशी ट्रक वेळेवर आला, काट्यावर चढला, भराई सुरू झाली, आणि पुतण्यानं काही कळवलं नाही. कळवायचं ते त्यानं रात्रीच कळवलं होतं ना! तिकडे व्यवस्थापक दुपारपर्यंत वाट पाहत बसला, कारण ट्रक दारात आला की त्याला खरेदीदाराला सांगायचं होतं. संध्याकाळी बोलणी खाऊन पुतण्या माझ्याकडे आला. "काकू, त्यानं विचारलं ट्रक कधी येईल, मी सांगितलं. माहं काय चुकलं?"

मी त्याला म्हटलं, त्यानं 'कधी येईल' विचारलंच नव्हतं. त्यानं सांगितलं होतं, 'आला की कळव.' 'कधी येईल' विचारायचं असतं तर तो बहुधा लिहिता, "लेट मी नो व्हेन द ट्रक विल अराइव्ह." एका 'विल'चा फरक, आणि काम पार बदललं. एकात उत्तर रात्रीच द्यायचं, दुसऱ्यात ट्रक फाटकात शिरल्यावर.

हा फरक इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त स्वच्छ दिसतो, आणि त्याचा फायदा आपण का घेऊ नये? इंग्रजीच्या एका 'व्हेन'मध्ये आपले दोन वेगळे शब्द कोंबलेले आहेत. एक 'कधी', दुसरा 'की'. वाक्य मराठीत आणून पाहायचं. 'कधी' किंवा 'केव्हा' बसत असेल तर तो प्रश्न आहे, भले त्याला प्रश्नचिन्ह नसो. तिथे येण्याची वेळच विचारली जातेय, तिचंच भाकीत हवंय, म्हणून 'विल' चालतं, नव्हे लागतं. "आय डोन्ट नो व्हेन ही विल कम." तो कधी येईल, ठाऊक नाही. आणि 'आला की' बसत असेल तर 'विल' काढून टाकायचं. "आय विल टेल यू व्हेन ही कम्स." तो आला की सांगते. "आस्क हिम व्हेन ही विल कम" म्हणजे कधी येणार ते विचार. "आस्क हिम व्हेन ही कम्स" म्हणजे तो आला की त्याला विचार, काय ते मी आधी सांगितलेलं असेल.

पुतण्याला हे पटलं, पण त्यानं लगेच फाटा काढला. जिनिंगमधल्या मुलांच्या डोक्यात फाटे लवकर फुटतात. "मंग काकू, व्हेन डझ द बस लीव्ह? तिथं विल कुठं हाय? तेही उद्याचंच विचारलं." खरं आहे. एसटी, रेल्वे, शाळा, बँक, यांच्या ठरलेल्या वेळा इंग्रजीत साध्या वर्तमानकाळात सांगतात, प्रश्नातसुद्धा. "आस्क व्हेन द बस लीव्ह्ज" म्हणजे बस कधी सुटते ते विचार. आपणही 'सुटते'च म्हणतो, 'सुटेल' नाही, फलकावर लिहिलेलं असतं म्हणून. त्यामुळे अशा विचार-कळवच्या वाक्यांत 'विल' दिसलं तर तो प्रश्न हे नक्की. 'विल' नसलं तर बहुतेक वेळा 'की', पण वेळापत्रकाची गोष्ट असेल तर दोनदा वाचायचं. ट्रकला वेळापत्रक नसतं. म्हणून ट्रकच्या वाक्यात शंकेला फारशी जागा नव्हती.

आणखी एक जागा आहे जिथे 'व्हेन'नंतर 'विल' हक्कानं येतं. आधी एखादा दिवस किंवा वेळ सांगितलेली असते आणि 'व्हेन' त्याच्याबद्दल माहिती जोडतो. "द डे विल कम व्हेन यू विल अंडरस्टँड." असा दिवस येईल, ज्या दिवशी तुला कळेल. इथे 'की' बसवून पाहा, "तुला कळलं की दिवस येईल," अर्थच उलटा होतो. म्हणजे हा खुंटीवाला 'व्हेन' नाही. मुलांना हे मी बारावीच्या आधी सांगत नाही.

यापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती मला मामाजींच्या पेरणीनं जास्त नीट समजावली असं म्हटलं तर चालेल.

"पाणी आलं की पेरू" असं मामाजी म्हणतात खरे, पण पहिल्या सरीला ते पेरत नाहीत. मृगाची एखादी सर येऊन जाते, मातीचा वास सुटतो, शेजारचा उतावळा तिफण काढतो, आणि मामाजी खुरपी घेऊन धुऱ्यावर जातात. तीन-चार जागी माती उकरतात, आत हात घालतात, मूठ वळून पाहतात. वीतभर खाली ओल लागली आणि मातीचा लाडू फुटला नाही तर पेरणी. वरच ओली आणि खाली कोरडी लागली तर खुरपी झटकून घरी. कारण वरच्या ओलीवर बी फुटतं, कोंब वर येतो, मग आठ-दहा दिवस पावसानं दडी मारली की कोंब करपतो, आणि बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात. सोयाबीनला तर हे फार लवकर होतं. म्हणून कृषी खातंही दरवर्षी सांगतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका.

आता हा सल्ला इंग्रजीत लिहायचा आहे असं धरा. मी अकरावीच्या मुलांना हेच वाक्य देते. पहिली वही येते, "व्हेन इट विल रेन 75 मिलिमीटर्स, यू सो." 'विल' काढला, पुढे 'कॅन' घातला. "व्हेन इट रेन्स 75 मिलिमीटर्स, यू कॅन सो." व्याकरण बसलं. पण शेत अजून बसलं नाही. 'व्हेन इट रेन्स' म्हणजे पाऊस पडतो तेव्हा, पडतानाही चालेल, एकाच झडीत इतका पडला पाहिजे असंही कुणी समजेल. मामाजींचं म्हणणं आहे, इतका पाऊस पडून झाला पाहिजे, दोन-तीन पावसांत मिळून का होईना, आकडा पुरा झाला पाहिजे. हे 'पडून झालं' सांगायला इंग्रजीत 'हॅज' लागतो. "व्हेन 75 मिलिमीटर्स ऑफ रेन हॅज फॉलन, यू कॅन सो." पाऊस पुढचाच, 'विल' इथेही नाहीच, पण 'हॅज फॉलन'नं सांगितलं की काम पुरं होऊ द्या.

हे पोरांना समजावायला पुन्हा आपलीच भाषा मदतीला येते. "जेवले की फोन करते" आणि "जेवून झालं की फोन करते," या दोन्हींत आपल्याला फार फरक वाटत नाही. पण काम लांबचं असेल आणि ते संपणं महत्त्वाचं असेल तर आपण 'वाचून झालं की', 'वेचून झालं की', 'वाळून झालं की' असं आपोआप म्हणतो. जिथे तोंडात असं 'करून झालं की' येतं, तिथे इंग्रजीत 'हॅव' किंवा 'हॅज' घालायचा. "आय विल रिटर्न युअर बुक व्हेन आय हॅव रेड इट." वाचून झालं की परत देते. इथे नुसतं "व्हेन आय रीड इट" म्हटलं तर, वाचताना परत देते, असा विचित्र वास येतो. उलट येणं, पोचणं, घंटा वाजणं, गाडी सुटणं, ही एका झटक्याची कामं. ती सुरू झाली की संपलीच. तिथे साधं 'कम्स', 'रीचेस', 'रिंग्ज' पुरतं. आणि 'असणं' सांगायचं असेल तर 'इज' पुरे. मामाजींचं खरं वाक्य तर त्या जातीचं आहे. "व्हेन द सॉइल इज वेट अ हँडस्पॅन डीप, वुई विल सो." त्यांना मिलिमीटरशी काही घेणं नाही.

पुष्कळदा मुलं 'हॅव' शिकली की 'विल'ला मागच्या दारानं परत आणतात. "व्हेन आय विल हॅव फिनिश्ड." चूक तीच, फक्त लांब झाली. 'विल' कोणत्याही वेषात आलं तरी या वाक्यात त्याला जागा नाही. 'विल कम'चं 'कम्स', 'विल बी स्लीपिंग'चं 'इज स्लीपिंग', 'विल हॅव फिनिश्ड'चं 'हॅज फिनिश्ड'. 'विल' उचलायचं आणि मागे राहिलेलं नीट करायचं.

'आफ्टर' आणि 'ॲज सून ॲज' यांचं त्या मानानं सोपं आहे. 'आफ्टर' म्हणजे 'आल्यावर', 'झाल्यावर'. क्रम त्या शब्दातच आहे, त्यामुळे 'आफ्टर आय फिनिश' म्हणा की 'आफ्टर आय हॅव फिनिश्ड' म्हणा, दोन्ही चालतं. आणि 'आल्यावर'मध्ये काळ मुळातच नसल्यानं मुलांच्या हातून तिथे 'विल' कमी वेळा लिहिलं जातं, असं मी पाहिलंय. 'ॲज सून ॲज' म्हणजे 'आल्या आल्या', 'येताच', 'आल्याबरोबर'. तिथली अडचण वेगळी. 'ॲज सून ॲज'मध्ये 'लगेच' आलेलंच आहे, पण आपल्याला तो शब्द वेगळा म्हटल्याशिवाय राहवत नाही. "ॲज सून ॲज द मनी कम्स, इमिजिएटली आय विल पे." 'इमिजिएटली' काढून टाका, उधारी तितकीच लवकर फिटेल. हे सगळे तुकडे आधी आले तर मागे स्वल्पविराम, नंतर आले तर नाही. त्यावर मार्क कापणारे असतात, म्हणून सांगितलं.

एक शब्द मात्र असा आहे जिथे मराठीच मुलांना खड्ड्यात घालते. 'अनटिल'. मघाचा सल्ला कृषी खात्याच्या चालीनं सांगायचा तर 'अनटिल'च हवा. आपण म्हणतो, "पाणी येत नाही तोवर पेरायचं नाही." गंमत म्हणजे इथे 'येत नाही' हा वर्तमानकाळ आपणच वापरला आहे, पुढच्या पाण्यासाठी. म्हणजे इंग्रजीचा जो रिवाज पोरांना परका वाटतो तो त्यांच्या तोंडात बसलेला आहे. पण त्या 'येत नाही'तला 'नाही' ती सोबत घेऊन जातात. "डू नॉट सो अनटिल द रेन डझ नॉट कम." याचा अर्थ इंग्रज माणूस जो करेल तो मी सांगत नाही, तो भलताच आहे. पाऊस यायचा थांबेपर्यंत पेरू नका! 'अनटिल'मध्ये तो 'नाही' आधीच मुरलेला आहे. म्हणून "डू नॉट सो अनटिल 75 मिलिमीटर्स ऑफ रेन हॅज फॉलन." एक 'नॉट', तोही मुख्य वाक्यात. 'विल' शून्य.

हे वाक्य यंदा अकरावीच्या एका मुलानं पहिल्याच झटक्यात बरोबर लिहिलं. मी विचारलं, कसं जमलं रे? तो म्हणाला, "मॅडम, बाबा 'तोवर नाही' म्हणत नाहीत. ते म्हणतात, 'पडून होऊ दे, मंग पेरू.' मी तेच लिहिलं."